हबवरचा आकडा: जुन्या सायकलीचं वय सांगणाऱ्या स्टर्मी-आर्चरची कुळकथा

जुनी इंग्रजी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. मागच्या चाकाच्या हबवर वर्षानुवर्षं साचलेला ग्रीस आणि धुळीचा थर रॉकेलच्या बोळ्याने मऊ करायचा आणि फडक्याने पुसायचा. घाई केली नाही, तर तेल सोडायच्या बारक्या टोपीच्या आसपास अक्षरं वर येऊ लागतात. आधी ‘स्टर्मी-आर्चर’, मग ‘मेड इन इंग्लंड’, त्यानंतर ‘एडब्ल्यू’ आणि शेवटी दोन आकडे, समजा ५२ आणि ७. हा हब १९५२ सालच्या जुलैत नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून बाहेर पडला, असा त्याचा सरळ अर्थ.

जुन्या सायकलींच्या नादी लागलेल्या माणसाला या दोन आकड्यांइतका भरवशाचा पुरावा दुसरा मिळत नाही. सांगाड्यावर क्रमांक असतो, पण तो वर्ष सांगेलच असं नाही. पुढच्या बिल्ल्यावर कंपनीचं नाव असतं, पण तोच बिल्ला कित्येक वर्षं तसाच चालू राहतो. हबवर मात्र साल आणि महिना पोलादात ठोकलेला असतो. म्हणूनच हा हब कुठून आला आणि त्याचं ऐकायचं किती, हे दोन्ही नीट समजून घ्यावं लागतं.

ज्यांची नावं हबवर आहेत त्या दोघांपैकी एकानेही हा हब मुळात घडवलेला नाही. खरा कर्ता विल्यम रायली. १८९० च्या दशकात त्याने मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये दोन गिअरचा हब तयार केला आणि तो बाजारात चांगला चालला. पुढे त्याने तीन गिअरचा हब आखला, तेव्हा अडचण उभी राहिली. जुन्या कंपनीशी केलेल्या करारात त्याने आपल्या पुढच्या शोधांचे हक्कही लिहून दिले होते. नवा हब त्याच्या नावाने नोंदवला असता, तर तो त्या कंपनीच्या पदरात पडला असता. म्हणून पेटंट त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावाने घेतलं गेलं.

हेन्री स्टर्मी हा कॉव्हेंट्रीचा शिक्षक, पुढे सायकलविषयक नियतकालिकाचा संपादक. सायकलीवर सतत लिहिणाऱ्या या माणसाने तीन गिअरच्या हबचं आपलं स्वतःचं पेटंटही घेतलं होतं. या दोन्ही वाटा जिथे एकत्र आल्या, तो माणूस म्हणजे रॅले सायकल कंपनीचा मालक फ्रँक बोडन. त्याने १९०२ च्या सुमारास दोघांचेही हक्क मिळवले आणि हब काढायला घेतला. प्रत्यक्ष कारखान्यात जो हब बनू लागला, तो मुख्यतः रायलीच्या आराखड्याचा होता. नाव मात्र स्टर्मी आणि आर्चर यांचं लागलं, आणि आज शंभर वर्षं उलटल्यावरही तेच चालू आहे. रायलीचं नाव त्या हबवर कधीच आलं नाही. जुन्या सायकली जपणाऱ्यांनी तरी ते लक्षात ठेवायला हवं.

सुरुवातीच्या हबांवर तारीख नव्हती. ते कोणत्या प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांच्यावर कोणतं अक्षर आहे, त्यावरून काळ ठरवावा लागतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेला ‘के’ हब पुढच्या दशकातही भरपूर खपला. त्यानंतर १९३६ मध्ये ‘एडब्ल्यू’ आला आणि त्याने बाकीचे सगळे मागे टाकले. यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ गिअरमधलं अंतर मोठं, एवढाच. आतली रचना फार देखणी आहे. आसावर मधोमध २० दात्यांचं चाक पक्कं बसवलेलं असतं. त्याच्याभोवती एका चौकटीत २० दात्यांची छोटी चाकं फिरतात, आणि सगळ्यांना बाहेरून ६० दात्यांचं कडं वेढून असतं. चेनचा जोर कड्याला देऊन चौकटीकडून चाक फिरवलं, तर वेग तीन चतुर्थांश होतो. उलट केलं, तर तो चार तृतीयांश होतो. मधला गिअर म्हणजे सरळ जोडणी, त्यात ना वाढ ना घट. एवढ्या साध्या हिशेबावर चढ, सपाटी आणि उतार तिन्ही निभावून गेले. आणि सगळं बंद डब्यात असल्याने चिखलाचा त्रास नाही. अधूनमधून चार थेंब तेल सोडलं की झालं.

तारखेचा शिक्का एडब्ल्यूच्याच सुमारास रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हबवर अनेकदा एकच अंक सापडतो. ‘एडब्ल्यू’च्या पुढे फक्त ८ असेल, तर तो १९३८ समजतात. युद्धानंतर दोन आकड्यांचं साल आणि त्यापुढे महिना अशी पद्धत स्थिरावली. आधी साल, मग महिना. ६४ आणि ११ म्हणजे नोव्हेंबर १९६४. दिव्यासाठी वीज तयार करणारा पुढच्या चाकाचा डायनो-हब याच कारखान्याचा, आणि त्यावरही असाच शिक्का असतो. पुढचा आणि मागचा असे दोन्ही हब जागेवर असतील, तर तपासणाऱ्याचं अर्धं काम झालंच म्हणून समजा.

अडचण अशी की हब स्वतःचं वय सांगतो, सायकलीचं नव्हे.

स्टर्मी-आर्चरचे हब सुटेही विकले जात. रॅलेखेरीज इतर कंपन्याही ते घेत, आणि दुकानदारही ठेवत. रिम वाकली, आरे तुटले, की मालक कित्येकदा हबसकट अख्खं चाकच बदलून घेई. हबच्या आतला गिअरसंच दुसऱ्या एडब्ल्यूमध्ये बसतो, त्यामुळे वरचा डबा एका सालचा आणि आतला माल दुसऱ्या सालचा, असंही होतं. आणखी एक प्रकार तर थेट कारखान्यामुळे घडला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर एडब्ल्यूच्या जागी ‘एसडब्ल्यू’ नावाचा स्वस्त आणि हलका हब आणण्यात आला. तो नीट चालला नाही. गिअर अचानक सुटून पॅडल रिकामं फिरे. थोड्याच वर्षांत तो बंद झाला, आणि तोवर विकल्या गेलेल्या सायकलींवर बरेच हब बदलून एडब्ल्यू बसवले गेले. म्हणून १९५६ च्या सांगाड्यावर १९५९ चा एडब्ल्यू आढळला, तर कोणीतरी फसवलंय असं लगेच समजू नये. ती त्या सायकलीची खरी हकीकत असू शकते.

त्यामुळे हबच्या साक्षीला इतर साक्षीदारांची जोड हवी.

पहिला साक्षीदार सांगाड्यावरचा क्रमांक. रॅलेच्या रोडस्टर सायकलींवर तो बहुधा सीटच्या नळीच्या माथ्यावरच्या जोडावर कोरलेला असतो. १९७० च्या दशकात रॅलेने यासाठी स्वच्छ पद्धत आखली. पहिलं अक्षर कारखान्याचं, एन म्हणजे नॉटिंगहॅम. दुसरं अक्षर महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, डी मार्च, आणि मधली काही अक्षरं गाळत व्ही म्हणजे डिसेंबर. त्यानंतरचा अंक सालाचा शेवटचा आकडा. एनडी४ ने सुरू होणारा क्रमांक मार्च १९७४ चा. पण १९५० च्या दशकातल्या क्रमांकांना अशी किल्ली नाही. तिथे क्रमांक जुळवून पाहण्यासाठी, ज्यांचं साल ठाऊक आहे अशा सायकलींच्या याद्या लागतात. इंग्लंडमधल्या व्हेटरन-सायकल क्लबसारख्या संस्थांचे सभासद वर्षानुवर्षं अशा याद्या जमवत आले आहेत.

दुसरा साक्षीदार बिल्ला, आणि त्याहून बोलकं पुढचं दातेरी चाक. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची आकृती कापलेली असते. तो बगळा बोडन घराण्याच्या चिन्हातला. हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच छोटी माणसं गोलाकार उभी असतात. रजच्या चेनव्हीलमध्ये पंजा दिसतो. हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये रॅलेच्या ताब्यात गेली. त्यानंतर या तिन्ही सायकली नॉटिंगहॅमच्याच झाल्या. चेनव्हील आणि बिल्ला वेगळे ठेवून आतला माल बराचसा एकच राहिला. त्यामुळे रज पाहताना पहिला प्रश्न असतो, ती स्वतंत्र कंपनीच्या काळातली की रॅलेच्या घरातली. इथे आटे उपयोगी पडतात. रॅलेने पॅडलच्या बीबीला आणि हँडलच्या जोडाला इंचाला २६ आटे ठेवले. बाकीच्या बहुतेक इंग्रजी सायकलींना २४ आहेत. बीबीचा कप सोडवून आटे मोजले, की सांगाडा कोणाच्या कारखान्यात घडला ते उमगतं. भलत्या मापाचा कप जोर लावून बसवलेला असेल, तर आटे कापलेले दिसतात आणि पूर्वी इथे कोणीतरी काय केलंय तेही कळतं.

हिंदुस्थानातल्या सायकलींसाठी बिल्ल्याखालच्या ओळीला आणखी महत्त्व आहे. १९५० च्या दशकापासून आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून रॅले सायकली निघू लागल्या, आणि मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्समध्ये हर्क्युलिस तयार होऊ लागली. आजोबांची ‘विलायती रॅले’ अनेक घरांत अभिमानाने दाखवली जाते आणि बिल्ला वाचल्यावर ती आसनसोलची निघते. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट हा देशी इतिहास जपण्याजोगा आहे, आणि त्याच्या नोंदी इंग्रजी सायकलींपेक्षा कितीतरी कमी आहेत. आपल्याकडे आणखी एक पुरावा सापडतो, तो म्हणजे नगरपालिकेने सायकलकराबद्दल दिलेला सालवार पत्र्याचा बिल्ला. १९५८ चा बिल्ला असेल, तर एवढं सिद्ध होतं की सायकल १९५८ मध्ये त्या गावात होती. ती त्याआधी किती वर्षांची, हे तो बिल्ला सांगत नाही.

बाकीचे पुरावे सुट्या भागांत विखुरलेले असतात. १९३० च्या आसपासपर्यंत चकाकणाऱ्या भागांना निकेलचा मुलामा असे, पुढे क्रोम आलं. निकेल किंचित पिवळसर आणि ऊबदार दिसतं, क्रोम निळसर आणि थंड. युद्धकाळातल्या सायकलींवर हँडलपासून रिमपर्यंत सगळं काळ्या रंगात मिळतं, कारण तेव्हा हे धातू टंचाईत होते. गिअर बदलायची दांडी सायकलीच्या आडव्या नळीवर असेल, तर ती जुन्या पद्धतीची. बोटाने ओढायचा हँडलवरचा खटका १९३८ मध्ये आला. मागच्या चाकाला ४० आणि पुढच्याला ३२ आरे, ही जुन्या इंग्रजी रोडस्टरची खूण. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी ती जशीच्या तशी उचलली. दोन्ही चाकांना ३६ आरे असतील, तर चाकं बदललीत का, हे विचारावं.

आता एक सायकल समोर ठेवून पाहू. समजा, वाड्याच्या माळ्यावरून एक हंबर खाली आली. रंग चकचकीत तपकिरी, वर कुठलीही सोनेरी रेघ नाही. बिल्ला हंबरचा. पुढचा चिमटा दोन-दोन बारीक नळ्यांचा, म्हणजे हंबरची ओळखीची जुळी रचना. चेनव्हीलमध्ये पाच माणसं. मागचा हब ५२ आणि ७, पुढचा डायनो-हब ५२ आणि ५. खटका हँडलवर, आरे ४० आणि ३२. सीटखालच्या जोडावर क्रमांक आहे खरा, पण रंगाने इतका भरलाय की दोन आकडे अजिबात लागत नाहीत. मडगार्ड अलीकडचं, देशी. सीट वेगळ्याच कंपनीची.

आधी चाकं. दोन्ही हबांच्या तारखांत दोन महिन्यांचा फरक, दोन्ही रिम एकाच घडणीच्या, आरे सारखेच गंजलेले. एक चाक पुढे कधीतरी बदललं असतं, तर हा मेळ जुळला नसता. दोन्ही चाकं मिळून दुसऱ्या सायकलीवरून आली असतील, ही शक्यता उरते. पण डायनो-हब, त्याच्या वायरी आणि दिव्याची कडी सांगाड्याशी जमून बसतात, तेव्हा ती शक्यता फार क्षीण होते. हब आधी बनतो आणि सायकल नंतर जुळवली जाते. म्हणून सायकलीचं साल हबच्या तारखेच्या काही आठवडे ते काही महिने पुढचं धरावं. १९५२ चा उत्तरार्ध हे उत्तर योग्य ठरतं.

मग रंग. सीटच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून सीट वर उचलली, दिव्याची कडी काढली, आणि त्यांच्याखालच्या बोटभर जागेत जुना काळा रंग आणि सोनेरी रेघेचा तुकडा निघाला. तपकिरी रंग बिल्ल्याच्या कडेवर चढलाय, म्हणजे बिल्ला न काढताच फवारा मारला. हा रंग नंतरचा, हे इथे पक्कं झालं. क्रमांकाच्या जागी पॉलिश पेपर घासायचा मोह आवरायला हवा. तिथला रंग थोड्याशा रिमूव्हरने, कापसाच्या बोळ्याने हळूहळू उतरवावा आणि अंक मोकळे झाल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी. पॉलिश पेपर रंगाबरोबर अंकांच्या कडाही खाऊन टाकतो.

स्कूटरच्या बाबतीत हिशेब उलटा असतो. तिथे सांगाड्याचाच क्रमांक अधिक बोलतो. इटालियन व्हेस्पाच्या क्रमांकाच्या आरंभी प्रकार सांगणारी अक्षरं असतात. व्हीबीबी१टी म्हणजे १५० सीसीची साठच्या दशकाच्या आरंभीची गाडी. तिच्या इंजिनावर व्हीबीबी१एम असतं. टी सांगाड्याचा, एम इंजिनाचा. अक्षरं जुळली पाहिजेत. पुढचे आकडे मात्र कारखान्यातूनच वेगवेगळे निघत. चासी आणि इंजिनचा आकडा एकच असावा, अशा समजुतीने कोणी आकडे पुन्हा ठोकून घेतले, तर त्याने आपल्या हाताने खरा पुरावा नष्ट केला. पुढच्या बिल्ल्याचाही उपयोग होतो: पियाज्जोने चौकोनी ढालीच्या जागी षटकोनी चिन्ह १९६७ मध्ये आणलं. त्याआधीच्या गाडीवर षटकोन दिसला, तर किमान तो भाग बदललेला आहे. पुण्याच्या बजाज कंपनीने १९६० च्या दशकात पियाज्जोच्या परवान्याने व्हेस्पा बनवल्या आणि १९७१ मध्ये तो करार संपला. अशा देशी गाड्यांना नवे बिल्ले लावून परदेशात इटालियन म्हणून विकण्याचेही प्रकार झाले आहेत. चकाचक रंगाखाली सांधलेला पत्रा आणि पुट्टी असेल, तर चुंबक लावून पाहावं. पुट्टी जाड असेल तिथे ते पकडत नाही.

नवी करून घेतलेली आणि मूळ स्थितीतली, यांतली निवड इथे येऊन पडते. गंजून भोकं पडलेला, मोडका सांगाडा पुन्हा चालता करायला हवाच. त्यावर कोणी आक्षेप घेणार नाही. पण मूळ काळा रंग सत्तर टक्के शाबूत असताना सायकल पावडर कोटिंगला पाठवणं हे मोठं नुकसान आहे. त्याआधी सांगाडा वाळूने घासला जातो आणि उथळ कोरलेला क्रमांक पुसट होतो. सोनेरी रेघा आणि कंपनीची छापील चिन्हं थिनरच्या एका हातात जातात. वर नवा बिल्ला आणि नवी चिन्हं चिकटवली की सायकल देखणी दिसते, पण तिचं वय सांगणारे पुरावे संपलेले असतात. मूळ स्थितीच्या सायकलीला कोमट पाणी, सौम्य साबण, मग पातळ तेलाचा हलका हात, आणि गंजाच्या ठिकाणी बारीक तांब्याची जाळी एवढंच पुरतं. पुसटलेली रेघ तशीच राहू द्यावी.

ज्या सायकलीला पूर्वीच कोणीतरी रंग देऊन ठेवला आहे, तिच्या बाबतीत निर्णय वेगळा असू शकतो. वरच्या हंबरचा तपकिरी थर काढून काळा रंग आणि सोनेरी रेघ पुन्हा दिली, तर मूळ नाहीसं होत नाही, कारण ते आधीच झाकलेलं आहे. फक्त सीटखालचा तो बोटभर जुना तुकडा तसाच राहू द्यावा. पुढे कोणाला रंगाची छटा तपासायची झाली, तर नमुना तिथे मिळेल.

सायकलीच्या नोंदीत या सगळ्याचं उत्तर काही ओळींत मांडता येतं: ‘हंबर, पुरुषांची रोडस्टर, नॉटिंगहॅम. सांगाडा, चिमटा आणि दोन्ही चाकं मूळ, १९५२ चा उत्तरार्ध, हबांवरून. क्रमांकाची छाप जोडली आहे. रंग नंतरचा, मूळ काळा, सोनेरी रेघेसह. मडगार्ड आणि सीट बदललेली.’ नॉटिंगहॅमची स्टर्मी-आर्चर कंपनी २००० मध्ये कोसळली, तैवानच्या सनरेस कंपनीने ती विकत घेतली, आणि तेव्हापासून हे हब तैवानमध्ये बनतात. म्हणून या सायकलीवर पुढे कधी नवा हब बसवावा लागला, तर त्याच नोंदीत आणखी एक ओळ लिहायची: जुना हब काढला, त्यावर ५२ आणि ७ होते, तो सायकलीसोबत पिशवीत ठेवला आहे.